टीडीएस ५८, तरीही बाटली काळी

गेल्या पावसाळ्यात पोलादपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत जाणे झाले. वाडीचे नाव लिहीत नाही, कारण जे तिथे पाहिले ते महाड-पोलादपुरातल्या कुठल्याही वाडीत पाहायला मिळेल. आरोग्य खात्यातली माझी नोकरी संपून काही वर्षे झाली, पण ओळखीच्या घरी गेलो की हात आपोआप पाण्याच्या माठाकडे जातो. त्या घरातल्या दोन लहान मुलांना आठवडाभर जुलाब होत होते. मी आजीबाईंना विचारले, पाणी उकळता का?

"आधी उकळत होतो. आता न्हाय. नातवानं मशीन आणलंय, त्यात पाणी अठ्ठावन्न येतं. बाटलीतल्या पाण्यावानी हाय आमचं पाणी."

नातू कारखान्यात कामाला जातो. त्याने दीड-दोनशे रुपयांचे पेनासारखे टीडीएस मीटर मागवले होते. त्याने माझ्यासमोर विहिरीचे पाणी मोजून दाखवले. ५८. मग म्हणाला, "काका, मी उकळूनपण मोजलं. उकळल्यावर एकसष्ट आलं. म्हणजे उकळून पाणी बिघडतंच की. गॅस कशाला जाळायचा?"

मुलगा हुशार आहे. त्याने मोजले, तुलना केली आणि त्यावरून निष्कर्ष काढला. चूक एवढीच झाली, की जो प्रश्न त्याला पडला होता त्याचे उत्तर देणारे ते यंत्रच नव्हते. माझ्या पिशवीत एच-टू-एस चाचणीची बाटली होती. तळाशी तपकिरी औषध असलेली ती छोटी बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने खुणेपर्यंत भरली, झाकण लावले आणि फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शाईसारखे काळे झाले होते. पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असले की ही बाटली काळी पडते. मीटर तेव्हाही ५८ च दाखवत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते.

मग मीटर नेमके काय मोजते? टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ. ते खरे मोजायचे तर प्रयोगशाळेत पाणी गाळून, आटवून, खाली उरलेला साका तोलावा लागतो. आपल्या हातातले मीटर असले काही करत नाही. त्याच्या टोकाला धातूच्या दोन छोट्या काड्या असतात. एकीतून दुसरीकडे पाण्यातून किती वीज जाते एवढेच ते पाहते. पाण्यात मीठ, चुना, सोडा असे क्षार असले की वीज जास्त जाते. त्या विजेच्या आकड्याला मीटर एका ठरलेल्या संख्येने गुणते आणि जो अंदाज निघतो तो पडद्यावर दाखवते. काही मीटर ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने. म्हणून एकाच कळशीतल्या पाण्याला तुमचे मीटर १०० म्हणेल आणि शेजारच्या वहिनींचे १४०. दोन्ही मीटर धडधाकट असतात, त्यावरून कुणी भांडू नये.

वीज वाहून न नेणारे काहीही या यंत्राला दिसत नाही. खात्री करायची तर घरात साखर आहेच. एका पेल्यात पाणी घ्या, मीटर लावा, आकडा लिहून ठेवा. मग चमचाभर साखर घालून ढवळा, ती पूर्ण विरघळू द्या आणि पुन्हा मीटर लावा. पेल्यात पाच ग्रॅम साखर गेली असेल तर लिटरच्या हिशेबाने ती २५,००० मिलिग्रॅमच्या आसपास होते. मीटर मात्र जवळपास पहिलाच आकडा दाखवील. आता दुसऱ्या पेल्यात नुसती चिमूटभर मीठ टाका, आकडा शेकड्यांनी उडी मारेल. साखर विरघळलेली आहे, घन पदार्थ आहे, जिभेला लागते आहे, तरी मीटर तिला ओळखत नाही. कीटकनाशकाचा अंश, रंगाच्या किंवा औषधाच्या कारखान्यातला एखादा द्रावक, रॉकेल यांचेही तसेच. शिसे आणि आर्सेनिक वीज वाहून नेतात खरे, पण त्यांची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि आपले मीटर एकाहून लहान काही मोजत नाही.

जंतूंचा हिशेब तर फारच डोळे उघडणारा आहे. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी घ्या. तिच्यात माणसाची एक ग्रॅम विष्ठा पडली असे समजा. एक ग्रॅम म्हणजे दोन-तीन वाटाण्यांएवढीसुद्धा नाही. ती सगळीच्या सगळी विरघळली असे धरले तरी लिटरला एक मिलिग्रॅम होते, म्हणजे मीटर ५८ चे फार तर ५९ दाखवील, बहुधा तेही नाही. पण त्या एका ग्रॅममध्ये ई. कोलाय नावाचे जंतू एक कोटी धरले, आणि ते त्याहून जास्तही असू शकतात, तर टाकीतल्या प्रत्येक १०० मिलिलिटर पाण्यात एक हजार जंतू आले. आपल्या देशाचे पिण्याच्या पाण्याचे मानक, आयएस १०५००, असे सांगते की १०० मिलिलिटरमध्ये हा जंतू एकही सापडता कामा नये.

त्याच मानकात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह धरला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला आहे. एका बाजूला पाचशेपासून दोन हजारापर्यंतची सवलत, दुसऱ्या बाजूला एकही नको, यावरूनच कळावे की कोणती गोष्ट माणसाला लवकर आजारी पाडते. टीडीएसचा संबंध मुख्यतः चवीशी, भांड्याला बसणाऱ्या पांढऱ्या थराशी आणि डाळ शिजण्याशी आहे. मीटरच्या खोक्यावर 'उत्तम', 'चांगले', 'वाईट' असा जो रंगीत तक्ता छापलेला असतो, त्यातला 'उत्तम' हा शब्द 'रोग होणार नाही' या अर्थाने वाचला जातो आणि तिथेच घात होतो.

हा घात आपल्या भागात इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त होतो, आणि त्याला कारण आहे. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते डोंगरावरून धावत पऱ्यात उतरते, पऱ्यातून सावित्रीत, काळ नदीत, गांधारीत जाते. काळा कातळ सहज विरघळत नाही आणि पाणी त्याच्यात फार काळ मुरूनही राहत नाही. त्यामुळे इथल्या झऱ्याचे, विहिरीचे, नदीचे पाणी मुळातच मऊ असते, आकडा बहुधा दोनशेच्या आतच राहतो. विदर्भ-मराठवाड्यात खोल बोअरचे पाणी हजाराच्या पुढे गेले तर निदान माणसे शंका तरी घेतात. आपल्याकडे मीटर प्रत्येक पाण्याला शाबासकी देते. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले ते पाणी आठवा. गढूळ, गटारे पोटात घेतलेले. पुराचे पाणी म्हणजे मुख्यतः पावसाचेच पाणी. गाळ विरघळलेला नसतो, तरंगत असतो, आणि तरंगणारा गाळ मीटर मोजत नाही. असल्या पाण्यात मीटर बुडवले तरी शंभर-सव्वाशेच्या आतला 'उत्तम' आकडा येऊ शकतो.

मला जास्त राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे मीटर नुसते आंधळे असते तर एक वेळ चालले असते. पण घरात जे योग्य करायचे त्याला ते नापास करते आणि ज्याची गरज नाही त्याला पैकीच्या पैकी गुण देते. उकळण्याने जंतू मरतात, पण क्षार जागच्या जागी राहतात आणि थोडे पाणी वाफ होऊन गेल्यामुळे आकडा दोन-चारने वाढतो. पाणी गरम असतानाच मोजले तर स्वस्त मीटर आणखी चढा आकडा दाखवते. आजीबाईंच्या घरचे एकसष्ट ते हेच. क्लोरीनचे थेंब टाकले तरी आकडा किंचित चढतो, खाली तर कधीच येत नाही. गाळण्याने, कँडल फिल्टरने, अतिनील दिव्याच्या यंत्रानेही आकडा हलत नाही. आकडा खाली आणणारे घरगुती यंत्र एकच, आरओ. मग आकडाच देव मानला तर घरच्या बाईने काय समजायचे? उकळणे वाया, थेंब वाईट, कर्ज काढून आरओ घेतला तरच पाणी शुद्ध.

विकणारे नेमके याच समजुतीवर उभे असतात. आपल्या वस्त्यांमध्ये येऊन ते एक खेळ दाखवतात, तो समजून घेतला पाहिजे. दोन पेले मांडतात, एकात तुमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या काड्यांचे उपकरण बुडवून ते विजेला जोडतात. मिनिटाभरात तुमच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ उसळतो आणि त्यांचे पाणी तसेच नितळ राहते. बाया तोंडावर हात ठेवतात, "अगं बाई, हे आपण पोरांना पाजतोय!" पण तो गाळ पाण्यातला नसतोच. उपकरणातल्या काड्यांपैकी एक लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज गेली की ते लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज जात नाही, म्हणून गंजही उतरत नाही. पुढच्या वेळी असा माणूस आला तर त्याच्या 'शुद्ध' पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लावा काड्या. त्याच्याही पाण्याला तोच रंग येईल.

आरओ हे वाईट यंत्र आहे असे मी म्हणत नाही. पाणी खारे असेल, त्यात फ्लोराइड जास्त असेल, तिथे ते उपयोगी आहे. पण ५८ टीडीएसच्या पाण्याला आरओ लावणे म्हणजे मऊ भात पुन्हा शिजवणे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितले होते, की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओ वापरण्यावर बंदी आणावी. त्यामागे एक कारण पाण्याच्या नासाडीचे होते. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. एप्रिल-मेमध्ये टँकरमागे हंडा घेऊन धावणाऱ्या पोलादपूरच्या वाड्यांनी एका कळशीसाठी तीन कळश्या ओतून द्यायच्या? शिवाय फार कमी आकड्याचे पाणी बेचव लागते म्हणून काही यंत्रांत मूळ पाणी थोडेसे परत मिसळायची सोय असते. त्या यंत्रात अतिनील दिवा नसेल किंवा असून बंद पडला असेल, तर मिसळलेल्या पाण्याबरोबर जंतूही आले.

महाडच्या माणसाला 'पाण्याची शुद्धी' हा शब्द ऐकला की दुसरेच आठवते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले, गाईचे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून. आरोग्याच्या भाषेत पाहिले तर त्या दिवशी तळ्यात ई. कोलाय ओतले गेले, कारण तो जंतू जनावराच्या शेणातही असतो. आणि तेव्हा टीडीएस मीटर असते, तर एवढ्या मोठ्या तळ्यात एकशे आठ घागरींनी त्याचा आकडा फारसा हललाही नसता. पाणी शुद्ध आहे हे कोण ठरवते आणि कशावरून, हा प्रश्न महाडला नवा नाही.

आता मीटर घरात आलेच आहे तर ते फेकू नका. ते नीट वाचले तर एका कामाचे आहे. पण आधी वाचायचे कसे ते पाहू, कारण तिथेही चुका होतात. पाणी घरातल्या हवेइतके गार होऊ द्या. मीटरचे टोक त्याच पाण्याने एकदा विसळा, मग खुणेपर्यंतच बुडवा, त्याहून वर नाही. हलकेच हलवा म्हणजे काड्यांत अडकलेले बुडबुडे निघून जातील, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पडद्यावर आकड्याशेजारी काय लिहिले आहे ते अवश्य बघा. ppm असेल तर तो टीडीएस. µS/cm असेल तर ती नुसती वीज, आणि तो आकडा टीडीएसच्या दीडपट-दुप्पट असतो. °C असेल तर ते तापमान. एका ताईंनी मला अभिमानाने "आमचे सत्तावीस" म्हणून सांगितले होते, ते पाण्याचे तापमान निघाले. कोपऱ्यात बारीक x10 दिसत असेल तर समोरच्या आकड्याला दहाने गुणायचे, म्हणजे १२० नव्हे, १२००. मीटर बरोबर चालते का हे पाहायचे तर ३४२ ppm चे तयार द्रावण पुडीत मिळते, त्यात बुडवल्यावर तेवढाच आकडा यायला हवा.

आणि काम कोणते? स्वतःच्या विहिरीची स्वतःशीच तुलना. एकाच मीटरने, एकाच विहिरीचे पाणी, महिन्यातून एकदा मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की आकडा थोडा वाढतो, पावसात उतरतो, ही त्या विहिरीची चाल झाली. पण नेहमी ९० दाखवणारी विहीर एखाद्या महिन्यात ३०० दाखवू लागली तर काहीतरी नवे पाणी तिच्यात येऊ लागले आहे. दासगावच्या बाजूला खाडीलगत असाल तर ते खारे पाणी असू शकेल. वाडीत असाल तर शौचखड्ड्याचे किंवा गोठ्याचे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, त्या परिसरातली बोअर असेल तर ताबडतोब लेखी अर्ज करून नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा, आणि तोवर ते पाणी पिऊ नका, उकळूनही नाही, कारण उकळून रसायन जात नाही. मात्र उलट अर्थ लावू नका. आकडा वाढला तर चौकशीचे कारण मिळते. आकडा वाढला नाही म्हणून रसायन नाही असे ठरत नाही, साखरेचा पेला आठवा. आरओ घेतलेलाच असेल त्यांना आणखी एक उपयोग आहे: आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी मोजा. पूर्वी १०० चे १० होत होते आणि आता १०० चे ८० होत असतील, तर आतला पडदा निकामी झाला आहे.

जुलाब, कावीळ, विषमज्वर यांची भीती असेल तर दोनच चाचण्या मागा, आणि त्या दोन्ही आपल्या गावात पोहोचलेल्या आहेत किंवा पोहोचायला हव्यात. एक ती काळी पडणारी बाटली. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचे प्रशिक्षण आणि संच द्यायचा, अशी तरतूद आहे. त्या पाचांत बौद्धवाडीतली एक तरी बाई आहे का, आणि संच कुणाच्या कपाटात पडून आहे, हे ग्रामसभेत विचारा. बाटली भरताना आत बोट लावू नका, नळाचे पाणी असेल तर ते आधी मिनिटभर वाहू द्या. बाटली २४ ते ४८ तास घरातल्या उबेत ठेवा. काळी पडली तर पाणी प्यायचे नाही, आणि ती बाटली मुलांच्या हाती लागू न देता आत ब्लीचिंग पावडर टाकून मगच ओतून द्यायची.

दुसरी ओटी चाचणी. ही क्लोरीनची. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, म्हणजे फिकट पण स्पष्ट पिवळा. रंगच आला नाही तर पावडर टाकली असे रजिस्टरात लिहिलेले असले तरी जंतू मारायला पाण्यात काही उरलेले नाही. नळीतले पाणी फेकून द्यायचे, चाखायचे नाही.

त्या वाडीत आम्ही मग विहिरीचा हिशेब मांडला. विहीर गोल, तीन मीटर व्यासाची, त्या दिवशी पाणी दोन मीटर. म्हणजे सुमारे चौदा हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल पावडर धरली तर पस्तीस ग्रॅम झाली. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक "मूठभर टाकतो" म्हणाला. मूठ कुणाची केवढी, आणि पावडर कुठली? गोणी पावसाळ्यात उघडी राहिली तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना उरतो. ती गोणी हुंगून पाहिली तर वास जेमतेम येत होता. दुसरी, बंद पुडीतली पावडर मागवली, बादलीत थोड्या पाण्यात कालवली, मग बादली पाऊण भरून ढवळली, दहा मिनिटे निवळू दिली. खाली बसलेला चुना बाजूला ठेवून वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत सोडले आणि बादली वरखाली करून ढवळले. तासाभराने ओटी केली. रंग नाही. पाणी गढूळ होते, आणि गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. पुन्हा तेवढीच पावडर टाकली, पुन्हा तास थांबलो, तेव्हा कुठे फिकट पिवळा रंग आला. नातवाने कुतूहलाने मीटर लावले. ६२. दोनदा टाकलेल्या पावडरीने आकडा चारच वाढला होता. तो हसला, "म्हणजे आकडा बिघडला आणि पाणी सुधारलं."

विहिरीला जंतू कुठून आले तेही दिसत होते. कठड्याभोवतीचा ओटा फुटलेला, त्यावर कपडे धुतलेले पाणी भेगेतून परत आत उतरत होते. चढावर एका घराचा शौचखड्डा विहिरीपासून वीस पावलांच्याही आत. हे अंतर किमान १५ मीटर हवे, आणि मुरूम व फुटलेला कातळ असेल तर त्याहून जास्त. आपल्या कित्येक वाड्या गावाच्या खालच्या अंगाला वसवलेल्या आहेत, म्हणजे वरच्या आळ्यांचा गोठा, गटार, शौचखड्डा यांचा उतार आपल्याच विहिरीकडे. ही जुनी रचना कुठल्याही मीटरवर दिसत नाही. ग्रामपंचायतीला स्रोतांच्या पाहणीनंतर हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ते कार्ड कोणत्या विहिरी पाहून दिले, त्यात बौद्धवाडीची विहीर होती का, हे सरपंचांना विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

घरातल्या माणसांनी ओटा दुरुस्त होईपर्यंत काय करायचे, तर उकळायचे. वीस-वीस मिनिटे उकळा असे सांगितल्यामुळे लोक सिलिंडरच्या भीतीने उकळतच नाहीत. पाण्याला खळाखळा उकळी फुटली आणि ती मिनिटभर टिकली की जुलाब-काविळीचे जंतू मारायला पुरते. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, चौपदरी फडक्याने गाळा. उकळले त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. पेला धरलेला हात माठात बुडाला की उकळलेले सगळे फुकट जाते, आणि तेही मीटर सांगणार नाही. उकळायला सरपण नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या घ्या. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच टाका आणि अर्धा तास थांबून मग प्या.

पंधरा दिवसांनी त्या घरी पुन्हा गेलो. मुले अंगणात चिखलात खेळत होती. फळीवर नवी बाटली ठेवलेली होती, तिच्यावर तारीख लिहिलेली, दुसरा दिवस, पाणी अजून तपकिरीच. ओट्याचे सिमेंट मात्र ग्रामपंचायतीकडून आलेले नव्हते. आजीबाईंनी नातवाकडून अर्ज लिहून घेतला होता आणि त्याच्यासोबत पहिल्या काळ्या बाटलीचा मोबाईलवर काढलेला फोटो जोडला होता. मला म्हणाल्या, "ह्याच्यात ते अठ्ठावन्न लिवायचं का नाय?" मी म्हटले, लिहा, पण फोटोच्या खाली लिहा.